शिमग्याला गावी जाताना डिस्पॅचचं टेबल दुसऱ्याच्या हातात देताना

प्रश्न: मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिस्पॅच आणि बिलिंग बघतो, दोन वर्षं झाली. घरी पालखी येते म्हणून शिमग्याला गुहागरजवळ गावी जायचंय, मंगळवार ते शनिवार. गुरुवारी आमच्याकडे सुट्टीच असते. गावात नेटवर्क नसल्यात जमा. माझं काम बघू शकतील असे स्टोअरमधले एक दादा आहेत, माझ्यापेक्षा बरेच सिनियर, त्यांना विचारायला कसंतरीच वाटतं, त्यात मार्च महिना. आणि हँडओव्हरमध्ये नक्की लिहायचं काय? मागच्या वेळी चांगली दोन पानं लिहून दिली होती तरी दिवसाला पंधरा फोन आले.

उत्तर:

त्या दोन पानांत काय असेल ते मी न बघता सांगू शकते. सकाळी आल्यावर मेल बघणे, शेड्यूल काढणे, इनव्हॉइस करणे, ई-वे बिल करणे, गाडी लावणे, संध्याकाळी रिपोर्ट पाठवणे. बरोबर ना? हे सगळं दादांना माहीतच आहे रे, ते रोज तुझ्या समोरच्या टेबलावर बसून बघतायत. तू जॉब डिस्क्रिप्शन लिहून दिलंस, त्यांना हवं होतं ते वेगळंच. पंधरा फोन आले ते "इनव्हॉइस कसं करायचं" म्हणून नसणार, "ती परवा गेलेली गाडी पोचली नाही म्हणतायत, आता काय" असले असणार.

मी डिस्पॅचमध्ये आहे त्याला एकोणीस वर्षं झाली, आधी भोसरी आणि आता चाकण. स्वतः पहिल्या सुट्टीला जाताना मीही तसलीच पानं लिहिली होती. नंतर एकदा जोरात आपटले तेव्हा कळलं की आपण करतो ती कामं एवढी धोक्याची नसतात, आपण करून टाकलेली असतात ती असतात. म्हणजे आपल्या डोक्यात "झालं" असं नोंदलेलं असतं, पण प्रत्यक्षात गाडी रस्त्यावर असते आणि ई-वे बिलाचं घड्याळ चालू असतं.

2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. भाच्याच्या मुंजीला कोल्हापूरला गेले चार दिवस. निघायच्या आदल्या दिवशी होसूरची गाडी मीच लावली आणि हँडओव्हरच्या कागदावर मोठ्या ऐटीत लिहिलं, "सर्व गाड्या वेळेवर निघाल्या, बाकी काही नाही." गाडीचा वाटेत अ‍ॅक्सल गेला. ट्रान्सपोर्टवाल्यांनी माल दुसऱ्या गाडीत भरला आणि पुढे पाठवला, पण ई-वे बिलात पार्ट बी मध्ये नवीन गाडीचा नंबर टाकलाच नाही. नाक्यावर तपासणीत कागदावरचा नंबर एक आणि समोरची गाडी भलतीच. माझ्या जागेवर बसलेल्या मैत्रिणीला ही गाडी रस्त्यावर आहे हेच माहीत नव्हतं, ती कोणाला विचारणार? दोन दिवस गाडी अडकली आणि शेवटी मालकांना दंड भरून सोडवावी लागली. तिची चूक शून्य. माझ्या त्या "बाकी काही नाही" ची होती.

आता तुझ्याकडे येऊ. आधी एक सांगते, सगळ्या कंपन्यांत हे सारखं नसतं. तुमचा टर्नओव्हर 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस असेल, नसेल तर तो भाग सोडून दे. गाडी तुमची स्वतःची जाते की ट्रान्सपोर्टरची यानेही बरंच बदलतं. आणि दादा कॉम्प्युटरवर किती सरावलेत त्यावर तर सगळंच अवलंबून आहे. पण पद्धत तीच राहते.

विचारायच्या आधी काम कमी कर. हे कोणीच करत नाही. आपण सरळ आपलं अख्खं काम उचलून दुसऱ्यासमोर ठेवतो आणि म्हणतो "बघाल का". आठवडाभर आधी पुढच्या आठवड्याचं शेड्यूल काढून बस. कुठल्या गाड्या रविवार-सोमवारपर्यंत अलीकडे ओढता येतात ते बघ, मार्चमध्ये कस्टमर बहुतेक लवकर माल घ्यायला तयार असतात, क्वचित नसतात, विचारून बघायला काय जातं. जॉबवर्कची चलनं, रिजेक्शनचा परतीचा माल, रिकामे बिन आणि ट्रॉल्यांचा हिशोब, हे चार दिवस थांबलं तर काही बिघडत नाही, ते कागदावर "थांबवलंय" म्हणून लिही. उरेल ते खरं काम. तुझ्यासारख्या कंपनीत मी धरते की चार कामाच्या दिवसांत सहा-सात गाड्या आणि तेवढीच बिलं, म्हणजे दिवसाला तास-सव्वा तास. दादांना "माझं काम बघा" म्हणणं आणि "रोज तासभर, त्यातही अकरा ते बारा" म्हणणं यात फार फरक आहे.

आणि सगळंच दादांच्या डोक्यावर टाकू नकोस. पेमेंटचा फॉलोअप अकाउंट्सला दे. स्टोअरचा माणूस डिस्पॅच बघू शकतो, पण कस्टमरच्या अकाउंट्सवाल्याशी वाद घालणं त्याचं काम नाही, मार्चमध्ये तर नाहीच नाही.

आधी कोणाला, साहेबांना की दादांना? यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, माझं मत ठाम आहे: आधी दादांना, एकटं, समोरासमोर. साहेबांना आधी सांगितलंस तर साहेब दादांना बोलावून म्हणतील "हा नाहीये, तुम्ही बघून घ्या", आणि मग तुझी विनंती राहत नाही, हुकूम होतो. सिनियर माणसाला ते लागतं, आणि चूक त्यांची नसते. दादा हो म्हणाले की मग साहेबांकडे जाऊन सांग की दादांशी बोललोय, तुमची परवानगी हवीये. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस "हो" लिहितो कारण "नाही" लिहायला अवघड वाटतं, तोंडावर कळतं की नाखुशीने म्हणतायत.

काय बोलायचं? साधं बोल. "दादा, शिमग्याला आमच्याकडे पालखी येते, मंगळवार ते शनिवार मी नाहीये. गुरुवार सोडून चार दिवस. रोज साधारण तासाभराचं काम राहील, सहा गाड्या आहेत, बाकीचं मी करून जातोय नाहीतर थांबवलंय. तुम्हाला जमेल का? आणि कुठल्या दिवशी अडचण असेल तर आत्ताच सांगा, मी त्या दिवशीची गाडी हलवतो." बास. शेवटचं वाक्य सोडू नकोस. मी एका सहकाऱ्याला असं विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे आणि ते साडेपाचच्या पुढे थांबूच शकत नाहीत. ते स्वतःहून कधीच बोलले नसते, थांबले असते आणि घरी बोलणी खाल्ली असती. मी संध्याकाळची गाडी दुपारी दोनला घेतली, पाच मिनिटांचं काम. आणि हो, "प्लीज दादा, तुमच्याशिवाय कोण आहे माझं" वगैरे नको. त्याने समोरच्याला नाही म्हणायची जागाच उरत नाही.

लॉगिनचं काम सगळ्यात आधी, निदान आठ दिवस. इथेच लोक फसतात. पूर्वी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला की झालं, आता ई-वे बिलच्या पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपी लागतो. तो ओटीपी तुझ्या मोबाइलवर येणार आणि तू पालखी नाचवतोयस, त्यात नेटवर्क नाही. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तुला आलेल्या पंधरा फोनांपैकी चार-पाच नक्की ओटीपीचे असणार.

उपाय म्हणजे दादांचं स्वतःचं सब-यूजर खातं. पोर्टलवर यूजर मॅनेजमेंटमध्ये ही सोय आहे. मेन लॉगिनमधून जायचं, कंपनीच्या रजिस्टर मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकायचा, मग दादांचं नाव, त्यांचा मोबाइल नंबर आणि त्यांना कायकाय करता येईल ते टिक करायचं. त्यांच्या नावाचं वेगळं यूजर आयडी तयार होतं आणि रोजचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो. गंमत अशी की पहिला ओटीपी ज्या रजिस्टर मोबाइलवर येतो तो बहुतेक ठिकाणी मालकांचा असतो, आणि मालक कधी मीटिंगमध्ये, कधी मुंबईत. म्हणून आठ दिवस म्हणते, सोमवारी संध्याकाळी चार वाजता हे करायला जाऊ नकोस. ई-इनव्हॉइस असेल तर त्या पोर्टलवरही सब-यूजर आधीच करून ठेव. कस्टमरच्या पोर्टलवर गाडीची आगाऊ नोंद करावी लागत असेल तर त्याचा ओटीपी कुठे येतो तेही बघ, मेलवर येत असेल तर ती मेल दादांना दिसते का? पासवर्ड शेअर न करण्याचा अजून एक फायदा, कुठलं बिल कोणी केलं ते नंतर स्वच्छ दिसतं, त्यांनाही बरं आणि तुलाही.

आता कागद. एक पान, त्याहून जास्त नाही, आणि प्रिंट काढून. मोबाइलवरची पीडीएफ गेटवर उभं राहून कोणी उघडत नाही. त्या पानावर मी तीनच गोष्टी लिहिते: रस्त्यावर काय आहे, कशाला वेळेची मर्यादा आहे, आणि कुठला निर्णय कोणी घ्यायचा. रोजची पद्धत लिहायची नाही.

पहिली गोष्ट एक उदाहरण घेऊन सांगते, कारण तुझ्या सुट्टीत एक भारी खड्डा आहे जो तुला बहुतेक दिसलेला नाही. समज, रविवारी संध्याकाळी सहाला तू पीथमपूरची गाडी लावलीस. पोर्टलवर अंतर 610 किलोमीटर आलं असं धरू. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला किंवा त्याच्या उरलेल्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे 610 ला चार दिवस. दिवस कसा मोजतात, तर पार्ट बी भरला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. रविवारी भरलं तर पहिला दिवस सोमवारी रात्री बाराला संपतो आणि चौथा गुरुवारी रात्री बाराला. गाडी साधारण दोन दिवसांत पोचते, म्हणून आपण निवांत असतो. पण गाडी बिघडली, ड्रायव्हर घरी गेला, कस्टमरच्या गेटबाहेर दोन दिवस रांगेत उभी राहिली, मार्चमध्ये हे सगळं होतं.

आता मुदत वाढवायची असेल तर ती आपल्याला हवी तेव्हा वाढत नाही. संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत, एवढीच खिडकी. म्हणजे गुरुवारी दुपारी चार ते शुक्रवारी सकाळी आठ. आणि गुरुवारी तुमची कंपनी बंद. शुक्रवारी दादा साडेआठला येऊन चहा घेऊन कॉम्प्युटर चालू करेपर्यंत खिडकी बंद झालेली असेल. त्या गाडीत काय अडलंय हे कळायच्या आतच वेळ गेलेली.

अजून एक गाठ आहे. ई-वे बिलात ट्रान्सपोर्टरचा आयडी भरलेला असेल तर मुदत वाढवायचं काम त्या ट्रान्सपोर्टरचंच, दादांकडे लॉगिन असलं तरी त्यांना ते करता येत नाही. आयडी नसेल आणि तुम्हीच गाडीचा नंबर टाकला असेल तर तुमच्याकडून होतं. हे माहीत नसलं की माणूस रात्री पोर्टलवर बसून बटण शोधत राहतो. म्हणून माझ्या कागदावर ती गाडी अशी येईल:

"पीथमपूरची गाडी. रविवारी संध्या. 6 ला निघाली. गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल बिलाच्या प्रिंटवर मागे लिहिलाय. ई-वे बिल गुरुवारी रात्री 12 ला संपतं. बुधवारी दुपारी 4 ला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन करून विचारा, माल उतरला का. उतरला असेल तर ही ओळ खोडून टाका, विषय संपला. नसेल उतरला तर त्यांना सांगा, गुरुवारी दुपारी 4 नंतर मुदत वाढवा आणि नवीन तारखेची प्रिंट मला पाठवा. वाढवायची त्यांनीच, आपल्या लॉगिनमधून होणार नाही. गाडी बदलली का हेही विचारा, बदलली असेल तर पार्ट बी मध्ये नवा नंबर टाकला का ते विचारा."

बघ, यात "फॉलोअप ठेवा" असं कुठेच नाही. कधी फोन करायचा, कोणाला, काय विचारायचं, उत्तर हे आलं तर काय आणि ते आलं तर काय. आणि संपलं कधी म्हणायचं तेही. आपल्याकडे "लक्ष ठेवा" हा शब्द फार चालतो, त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो, म्हणून हँडओव्हरच्या कागदावर तो नकोच. सोमवारी निघताना रस्त्यावर अशा जेवढ्या गाड्या असतील तेवढ्या ओळी. पुण्याच्या आसपासच्या गाड्या त्याच दिवशी रिकाम्या होतात, त्या लिहूच नकोस, उगाच कागद भरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक झाली तर. आणि चूक होणार, कारण दादा हे रोज करत नाहीत. क्वांटिटी चुकेल, जुना रेट लागेल, पीओ नंबर भलताच पडेल. समंजस माणूस अशा वेळी काय करतो, "पोरगं रविवारी येतंय, आल्यावर बघेल" म्हणून बाजूला ठेवतो. त्यांना वाटतं आपण तुला त्रास देत नाही. पण ई-वे बिल केल्यापासून 24 तासांतच रद्द होतं, ई-इनव्हॉइसचंही तसंच, 24 तास. त्यानंतर क्रेडिट नोट, मग अकाउंट्सची कटकट, मग रिटर्नमध्ये दुरुस्ती. म्हणून कागदावर ठळक लिही: बिल चुकलं असं वाटलं तर त्याच दिवशी अकाउंट्सला सांगा, माझी वाट बघू नका. रद्द करताना क्रमही लिही, आधी ई-वे बिल रद्द, मग ई-इनव्हॉइस. ई-वे बिल चालू असताना ई-इनव्हॉइस रद्द होत नाही, पोर्टल एरर देतं आणि नवीन माणूस घाबरतो. आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही, पुढचा नंबर घ्यायचा, हे दादांना आधी सांगून ठेव नाहीतर ते तोच नंबर टाकून बघत बसतील. गाडी रस्त्यात अधिकाऱ्यांनी तपासली असेल तर मग ई-वे बिल रद्दही होत नाही, त्यामुळे बिल नजरेखालून घालायचं ते गाडी गेटबाहेर जायच्या आधी. मी तर लिहिते, "प्रिंट काढा, क्वांटिटी आणि गाडी नंबर यावर बोट ठेवून वाचा, मगच गेटपास द्या." बोट ठेवून, हे शब्द मुद्दाम.

कधी ई-वे बिल लागतं आणि कधी नाही ही एक ओळही टाक, स्टोअरच्या माणसाला ती बहुतेक पाठ नसते. महाराष्ट्राबाहेर 50 हजारांच्या वर, महाराष्ट्राच्या आत 1 लाखाच्या वर. तुमच्या मालात याला काही अपवाद असेल तर तो तुला माहीत असणारच, तेवढाच लिही.

तिसरी गोष्ट निर्णयांची. फोन येतात ते मुख्यतः इथून. दोन कस्टमरना एकाच दिवशी माल हवाय आणि स्टॉक एकापुरताच आहे. कस्टमर म्हणतो अर्धीच क्वांटिटी पाठवा. ट्रान्सपोर्टर जास्त भाडं मागतो. हे तू रोज डोक्यातल्या डोक्यात ठरवतोस आणि दादांना ते ठरवायचा अधिकार आहे की नाही हेच त्यांना माहीत नसतं, मग ते तुला फोन करतात, करणारच. म्हणून लिही: स्टॉक कमी पडला तर अमुक कस्टमर आधी, कारण त्यांची लाइन थांबते. अर्ध्या क्वांटिटीला दादांनी हो म्हणावं, मेलवर लेखी घेऊन. भाड्यात ठरलेल्यापेक्षा हजार रुपयांपर्यंत दादांनी ठरवावं, त्याच्या वर साहेबांना विचारावं. ते हजार मी उदाहरणादाखल म्हणते, तुमचा आकडा साहेबांना विचारूनच टाक. साहेबांच्या नावाने असं काही लिहिलंस आणि त्यांना पत्ताच नसला तर दादा तोंडघशी पडतील. आणि एक ओळ "हे करू नका" ची हवीच. रेट मास्टर बदलू नका. जुनी चलनं बंद करू नका. कस्टमरने कितीही आग्रह केला तरी बिल न करता माल पाठवू नका. मार्चएंडला हा आग्रह हमखास होतो.

मग सराव. जायच्या दोन-तीन दिवस आधी, शनिवारी म्हण, एक खरी गाडी दादांना त्यांच्या लॉगिनमधून लावायला सांग. माउस त्यांच्या हातात, तू खुर्चीच्या मागे, आणि तोंड बंद. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात. पण तू माउस घेतलास की सराव संपला. ते जिथे अडकतात, तिथे कागदावर एक ओळ वाढव. माझ्या अनुभवात अडकतात ते भलत्याच जागी. माझ्याकडचे एकजण सगळं व्यवस्थित करून प्रिंटरला अडले, कारण लेबल आणि बिल दोन वेगळ्या प्रिंटरवर जातं हे मी कधी लिहिलंच नव्हतं, मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. तो एक फोन मला कोल्हापुरात आला असता.

फोनचं काय. गावात नेटवर्क नाही ही तुझी अडचण वाटते पण खरं तर सोय आहे, कारण त्यामुळे आधी नीट ठरवावं लागतं. दादांना सांग, रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा मी नेटवर्कमध्ये येईन. गावातली ती जागा तुला माहीत असेलच, कुठल्यातरी चढावर किंवा एसटी स्टँडपाशी. त्या अर्ध्या तासात दादांच्या चिठ्ठीतले प्रश्न एकदम. पण ती वेळ पाळायची असेल तरच सांग. पालखीच्या दिवशी सहाला तू कुठे असशील हे तुला आत्ताच माहीत आहे, तर त्या दिवशी येणार नाही असं स्पष्ट लिही. येतो म्हणून न येण्यापेक्षा ते बरं. आणि सहाची वाट बघता येणार नाही अशा वेळी कोणाला विचारायचं ते नाव कागदावर वर, पहिल्या ओळीत. ते साहेबांचं असेल तर साहेबांना ते माहीत हवं, एवढंच.

बाहेरच्यांनाही सांग. ट्रान्सपोर्टवाले आणि दोन-तीन मोठे कस्टमर यांना सोमवारी एक मेसेज: मंगळवार ते शनिवार डिस्पॅचसाठी यांच्याशी बोला, हा नंबर. दादांना विचारून नंबर दे, त्यांचा स्वतःचा द्यायचा नसेल तर ऑफिसचा लँडलाइन. नाहीतर सगळे तुलाच फोन करत राहतात, तुझा लागत नाही, आणि दादांना काही कळतच नाही.

मागे एकदा असं झालं की मी परत आले आणि पहिल्याच तासात दहा चुका काढल्या, सगळ्यांसमोर. चुका होत्या, खऱ्या होत्या. पण त्यानंतर वर्षभर त्या माणसाने माझं काम हातात घेतलं नाही आणि मीही कुठल्या तोंडाने विचारणार होते. आता मी रविवारी, म्हणजे परत आल्यावरच्या पहिल्या दिवशी, कागद मागून घेते आणि त्यांच्यासोबत बसून खोडलेल्या आणि न खोडलेल्या ओळी बघते. न खोडलेल्या परत माझ्या. तिथेच तोंडाने म्हणते, "आता हे माझ्याकडे", म्हणजे सोमवारी कस्टमरचा फोन त्यांना आला तर ते बिनधास्त माझ्याकडे देतात. कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने काही लिहिलं असेल तर ते नीट वाच, पुढच्या वेळचा हँडओव्हर तिथेच तयार असतो. आणि दादांची सुट्टी कधी आहे ते तेव्हाच विचार, त्यांचा स्टोअरचा इनवर्ड तुला शिकून घ्यावा लागेल, म्हणजे जीआरएन कसा करतात वगैरे. ते त्यांनी न मागता तू म्हणालास तर पुढच्या शिमग्याला विचारताना कसंतरी वाटणार नाही.

तुमच्याकडे ई-इनव्हॉइस आहे का आणि ई-वे बिलात ट्रान्सपोर्टर आयडी भरता की गाडी नंबर सरळ टाकता, एवढं लिही. त्यावर तुझ्या कागदातल्या दोन ओळी बदलतील, त्या सांगते.